खग्रास ग्रहणातला तांबडा चंद्र: हवा प्रकाश वाकवते आणि गाळतेही

प्रश्न: सप्टेंबर 2025 च्या ग्रहणात चंद्र पूर्ण सावलीत गेल्यावर काळा पडेल असे वाटले होते, पण तो तांब्याच्या भांड्यासारखा दिसला. तांबडा प्रकाश हवेत जास्त वाकतो म्हणून असे होते, असे एके ठिकाणी वाचले. ते बरोबर आहे का? आणि सावलीत शिरताना चंद्राच्या कडेला निळसर छटा दिसली, ती खरी की माझ्या दुर्बिणीचा दोष?

उत्तर:

आपण वाचलेले कारण बरोबर नाही, पण ते इतक्या ठिकाणी छापलेले आढळते की त्यापासूनच सुरुवात करणे बरे. हवेत तांबडा प्रकाश जास्त वाकत नाही. उलट निळा प्रकाश किंचित जास्त वाकतो, आणि हा फरक शेकडा एक-दीड इतकाच असतो. ग्रहणातल्या चंद्राचा रंग केवळ वाकण्याने ठरत असता तर तो जवळजवळ पांढराच दिसला असता. पृथ्वीचे वातावरण येथे एकाच वेळी दोन निराळी कामे करते. ते सूर्यप्रकाश वाकवून सावलीच्या आत पोहोचवते, आणि त्याच वाटेवर त्यातला निळा भाग गाळून टाकते. चंद्र काळा का पडत नाही याचे उत्तर पहिल्या कामात आहे, तर तो तांबडा का होतो याचे उत्तर दुसऱ्या कामात. ही दोन कामे मनात वेगळी ठेवली की आपल्या निळसर छटेचाही उलगडा होतो.

आधी वाकण्याचे पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहताना सूर्यबिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते, त्या क्षणी भूमितीच्या हिशेबाने अख्खे बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. हवा त्याचे किरण वळवून आपल्या डोळ्यांपर्यंत आणते, म्हणून ते आपल्याला दिसते. हे वळण क्षितिजापाशी सुमारे 35 कलांचे असते. एका अंशाच्या साठ कला होतात आणि सूर्यबिंबाचा व्यास सुमारे 32 कला असतो, म्हणजे हे वळण बिंबाच्या व्यासापेक्षाही थोडे मोठे आहे. आता आपल्या पायांशी टेकून जाणारा तो किरण तेथेच न थांबता समुद्राला घासून पुढे निघून गेला असे समजा. बाहेर पडताना त्याला तितकीच हवा पुन्हा ओलांडावी लागते आणि तो आणखी 35 कला वळतो. म्हणजे पृथ्वीला अगदी चाटून जाणारा किरण एकूण सुमारे 70 कला, सव्वा अंशाहून किंचित कमी, आत वळलेला असतो.

एवढे वळण चंद्रापर्यंत पोहोचायला पुरते का, हे पाहण्यासाठी आपण चंद्रावर उभे आहोत असे समजू. तेथून पृथ्वीची तबकडी सूर्याच्या सुमारे साडेतीनपट रुंद दिसते आणि तिची त्रिज्या 57 कला भरते. चंद्र सावलीच्या बरोबर मध्यावर असेल तर सूर्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रामागे असते. त्या केंद्रातून निघालेला प्रकाश पृथ्वीच्या कडेवरून चंद्रावर यायचा तर त्याला 57 कला वळावे लागेल. सूर्याच्या जवळच्या कडेचा प्रकाश 41 कलांत भागवतो. हवा 70 कलांपर्यंत वळवू शकते, तेव्हा हिशेब जमतो, पण फार मोकळेपणाने जमतो असे नाही. चंद्र आपल्याला आज आहे त्याहून बराच जवळ, म्हणजे साधारण अडीच लाख किलोमीटरांच्या आत असता, तर पृथ्वीची तबकडी त्याच्यावरून इतकी मोठी दिसली असती की सर्वांत खालच्या थरातले वळणही अपुरे पडले असते, आणि सावलीच्या गाभ्यात खरोखरचा काळोख सापडला असता. आपला चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरांवर आहे, म्हणून तो पृथ्वीमागे शंकूसारखा निमुळता होत जाणाऱ्या या अंधाऱ्या गाभ्याच्या टोकाच्या पलीकडून जातो.

हे वाकलेल्या प्रकाशाचे स्पष्टीकरण जुने आहे. केप्लरने 1604 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात ग्रहणातल्या चंद्राची लाली पृथ्वीच्या हवेत वळलेल्या सूर्यप्रकाशाची आहे असे सांगितले होते. निळा भाग नेमका कशाने गळतो हे मात्र एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॅले यांच्या कामानंतरच स्पष्ट झाले.

आता गाळण्याचे काम. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात, आणि असे कण लहान तरंगलांबीच्या प्रकाशाचे विकिरण, म्हणजे तो वाटेतून इकडेतिकडे विखुरण्याचे काम, फार जास्त प्रमाणात करतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी 450 नॅनोमीटर आणि तांबड्याची 650 धरली तर निळ्याचे विकिरण चारपटीहून थोडे जास्त होते. हा फरक ऐकायला बेताचा वाटतो. दुपारी डोक्यावरचा सूर्य आपल्याला पांढराच दिसतो, याचे कारण तेथे हवेचा थर एकदाच ओलांडावा लागतो. त्या एका फेरीत निळ्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे 80 आणि तांबड्याच्या शंभरपैकी सुमारे 95 आपल्यापर्यंत पोहोचतात. डोळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही.

क्षितिजावरून येणाऱ्या प्रकाशाला मात्र डोक्यावरच्या हवेच्या सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. ग्रहणातल्या चंद्राकडे निघालेला, जमिनीला घासून जाणारा किरण तर आत येताना 38 आणि बाहेर जाताना 38, अशी एकूण 76 पट हवा पार करतो. येथे चक्रवाढ व्याजासारखा, फक्त उलट्या दिशेचा हिशेब लागू होतो, कारण प्रत्येक टप्प्यावर उरलेल्यातून ठरावीक वाटा जातो. तांबड्याच्या बाबतीत 0.95 ला स्वतःने 76 वेळा गुणले की 0.02 उरतात, म्हणजे शंभरातले दोन. निळ्याच्या बाबतीत 0.80 ला 76 वेळा गुणले की दोन कोटींहून अधिक भागांत एक भाग उरतो. एका फेरीत 95 विरुद्ध 80 एवढाच असलेला फरक 76 फेऱ्यांनंतर जवळजवळ पाच लाखपट होतो. हा हिशेब फक्त स्वच्छ हवेच्या रेणूंचा आहे. धूळ, बाष्प आणि ढग धरले तर तांबड्यातलेही बरेच कमी होते. थोड्या वरून, पाचेक किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या किरणाला साधारण निम्मी हवा लागते आणि तेथे निळा प्रकाश इतका बेपत्ता होत नाही, तरी तांबड्याची आघाडी हजार पटीच्या घरात राहतेच.

हे घरात पाहायचे असेल तर काचेच्या उंच पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार-पाच थेंब मिसळावेत आणि अंधारात पेल्याच्या तळातून वर पांढरा टॉर्च लावावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते आणि वरून थेट टॉर्चकडे पाहिले तर तो पिवळट-शेंदरी दिसतो. आणखी दोन-तीन थेंब टाकले की तो तांबूस होत जातो आणि मंदही होतो. बाजूचा निळेपणा म्हणजे आपले दिवसाचे आकाश आणि वरून दिसणारा टॉर्च म्हणजे मावळता सूर्य. ग्रहणातला चंद्र त्याच टॉर्चच्या उजेडात, पण दोन पेले एकावर एक ठेवून, उभा असतो. दूध थेंबाथेंबानेच घालावे, जास्त झाले की पाणी नुसते पांढरे होते आणि प्रयोग फसतो.

चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी काय दिसेल, याची कल्पना आता करता येते. काळ्या पृथ्वीभोवती एक अत्यंत बारीक, तांबूस प्रकाशाचे वलय दिसेल. त्या क्षणी पृथ्वीवर जेथे जेथे सूर्य उगवत किंवा मावळत आहे, त्या सर्व ठिकाणांची ही कड आहे. हे केवळ कल्पनेतले चित्र नाही. 24 एप्रिल 1967 रोजी चंद्रावर चार दिवसांपूर्वीच उतरलेल्या सर्व्हेयर 3 या अमेरिकी यानाने तेथून असे ग्रहण टिपले, आणि त्या चित्रांत वलय सर्वत्र सारखे नव्हते. काही ठिकाणी ते मण्यांसारखे उजळ होते, तर मध्येच मंद. आपल्या दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे.

कारण वर केलेला 41 ते 70 कलांचा हिशेब उलटा वाचला की कोणता प्रकाश कोणत्या उंचीवरून आला ते कळते. जितकी हवा विरळ तितके वळण कमी. सावलीच्या गाभ्यात पोहोचायला मोठे वळण लागते आणि ते फक्त जमिनीपासून चार-पाच किलोमीटरांपर्यंतच्या दाट थरातच मिळते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या थोडे वरखाली असलेल्या पट्ट्यातून हा प्रकाश येतो, आणि ढगांचा वावरही याच पट्ट्यात असतो. पृथ्वीच्या कडेवर त्या वेळी ढगांची रांग असेल तर त्या भागातून येणारा प्रकाश तेथेच अडतो. सर्व्हेयरच्या चित्रातले मंद तुकडे बहुधा असेच होते. सावलीच्या बाहेरच्या कडेजवळ मात्र थोडेसेच वळण पुरते. पाच कलांचे वळण देणारा थर सुमारे 20 किलोमीटर उंचीवर, म्हणजे ढगांच्या वर, स्थितांबरात आहे.

आपली निळसर छटा येथून येते, आणि ती खरी आहे. स्थितांबराच्या याच पट्ट्यात ओझोन आहे. ओझोनचे नाव काढले की आपल्याला अतिनील किरण आठवतात, पण तो दृश्य प्रकाशातही थोडे शोषण करतो, आणि तेही नारिंगी-तांबड्या भागात, 600 नॅनोमीटरच्या आसपास. उभ्या वाटेवर हे शोषण नगण्य असते. थराला चाटून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या किरणातून मात्र तांबड्याचा बराच वाटा कमी होतो, आणि तेथे हवा विरळ असल्याने निळा भाग फारसा गळलेला नसतो. परिणामी सावलीच्या कडेची बारीक पट्टी फिकट निळी किंवा मोरपंखी दिसते. दुर्बिणीचा दोष ओळखायचा एक साधा मार्ग आहे. साध्या भिंगाच्या दुर्बिणीत दिसणारी रंगीत किनार चंद्राच्या गोल कडेला चिकटून असते, पौर्णिमेच्या कोणत्याही रात्री दिसते आणि चंद्र दृष्टिक्षेत्राच्या एका बाजूला सरकवला की बदलते. ओझोनची पट्टी चंद्राच्या कडेशी बांधलेली नसते. ती तांबडा भाग आणि उजळ भाग यांच्या सीमेवर असते आणि सावलीबरोबर चंद्राच्या पृष्ठावरून सरकते. खग्रास स्थिती सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची काही मिनिटे तिच्यासाठी सर्वांत चांगली.

7 सप्टेंबर 2025 चे भाद्रपद पौर्णिमेचे ग्रहण या सगळ्याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून ते थोडे क्रमाने पाहू. भारतीय वेळेनुसार रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी चंद्र प्रच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या गडद सावलीत, शिरू लागला. पहिला अर्धा-पाऊण तास सावलीचा भाग राखाडी-काळाच दिसतो, आणि याच काळात बहुतेक लोक निराश होऊन गच्चीवरून खाली जातात. तांबडा प्रकाश त्या भागावर तेव्हाही पडत असतो, पण शेजारचा उजळ भाग त्याच्याहून हजारो पटींनी तेजस्वी असल्यामुळे डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि अंधारातला रंग त्याला दिसत नाही. तीन-चतुर्थांशाहून अधिक बिंब झाकले गेले की विटकरी रंग हळूहळू उमटू लागतो. अकराच्या सुमारास बिंब पूर्ण झाकले गेले आणि खग्रास स्थिती सुमारे 82 मिनिटे टिकली. चंद्र सावलीच्या केंद्राच्या जरा दक्षिणेकडून गेला, त्यामुळे त्याची उत्तरेकडची बाजू गाभ्याजवळ होती आणि दक्षिणेची बाजू कडेजवळ. म्हणून एकाच बिंबावर वरच्या बाजूला गडद कथ्थई आणि खालच्या बाजूला उजळ शेंदरी असा फरक दिसायला हवा होता. आमच्याकडे पावसाळी ढगांच्या फटींतून तो मला दोनदा, प्रत्येकी पाचेक मिनिटे दिसला आणि तेवढ्यातही हा फरक साध्या द्विनेत्रीतून ओळखता आला.

एकूण तेज इतके का घटते, याला गाळण्याखेरीज आणखी एक कारण आहे, जे सहसा कोणी सांगत नाही. हवेची घनता उंचीनुसार झपाट्याने बदलत असल्यामुळे शेजारशेजारचे किरण वेगवेगळ्या प्रमाणात वळतात आणि पंख्यासारखे फाकतात. पृथ्वीपाशी एक किलोमीटर जाडीच्या थरातून निघालेला प्रकाश चंद्रापर्यंत जाईतो शेकडो किलोमीटर रुंदीवर पसरतो. हे पातळ होणे सर्व रंगांना सारखेच लागू असते, त्यामुळे रंग बदलत नाही, मात्र तेज कमी होते. दोन्ही कारणे मिळून खग्रास चंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या तुलनेत साधारण दहा हजारपट किंवा त्याहूनही मंद होतो. छायाचित्रे काढणाऱ्यांची फसगत येथेच होते. पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, तर खग्रास चंद्राला संवेदनक्षमता बरीच वाढवूनही एक-दोन सेकंद लागतात. मोबाइल तेवढा वेळ आपणहून घेतो खरा, पण रंगाचा समतोलही आपणहून साधायला जातो आणि तांबडेपणा दोष समजून पुसून टाकतो. हा समतोल दिवसाच्या उन्हावर पक्का करून ठेवला तरच दोन ग्रहणांच्या छायाचित्रांची तुलना करण्यात अर्थ आहे.

प्रत्येक ग्रहण सारखे तांबडे नसते, आणि हे मोजण्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांची 0 ते 4 अशी श्रेणी वापरतात. जवळजवळ दिसेनासा झालेला चंद्र 0, गडद राखाडी-तपकिरी 1, गंजासारखा तांबडा 2, विटकरी 3 आणि तांब्यासारखा उजळ, निळसर कडेचा चंद्र 4. ही नोंद नुसत्या डोळ्यांनी, खग्रास स्थितीच्या मध्याला करायची असते. श्रेणी ढोबळ आहे आणि दोन निरीक्षकांत एका अंकाचा फरक सहज पडतो, तरी मोठे बदल तिच्यातून लपत नाहीत. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट जून 1991 मध्ये झाला. त्याने उडवलेला गंधकाचा वायू स्थितांबरात जाऊन आम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा थर तयार झाला आणि तो पृथ्वीभर पसरला. दीड वर्षानंतर, 9 डिसेंबर 1992 च्या ग्रहणात, जे आपल्याकडे 10 तारखेच्या पहाटे होते, चंद्र विलक्षण काळवंडलेला दिसला. राख केव्हाच खाली बसली होती, पण पाऊस ज्या उंचीवर पोहोचत नाही तेथे हे थेंब एक-दोन वर्षे तरंगत राहतात. इंडोनेशियातल्या आगुंगच्या 1963 च्या स्फोटानंतर त्याच वर्षी 30 डिसेंबरला झालेले ग्रहणही असेच अंधारे होते.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. चंद्र क्षितिजाजवळ असताना आपल्या स्वतःच्या डोक्यावरची हवाही त्याला तांबडा करते, ग्रहण असो वा नसो. 31 जानेवारी 2018 रोजी महाराष्ट्रातून चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. आमच्या गटातल्या अनेकांनी त्या संध्याकाळी पूर्वेला धुरकट, काळपट-तांबडे बिंब पाहून 1 अंक नोंदवला. तासाभराने चंद्र वर आला आणि संधिप्रकाश गेला तेव्हा त्याच लोकांनी 2 आणि 3 लिहिले. चंद्राचा प्रकाश पृथ्वीच्या कडेवर एकदा गाळला गेला होता आणि आपल्या क्षितिजावरच्या धुळीतून तो दुसऱ्यांदा गाळला जात होता. शिवाय उजळ आकाशात मंद बिंब आणखी मंद भासते. तेव्हापासून आम्ही चंद्र 20 अंशांच्या वर आल्याशिवाय अंक लिहीत नाही, आणि शेजारच्या रकान्यात चंद्राची उंची व आकाशाची स्थिती लिहितो.

पुढचे सोयीचे खग्रास ग्रहण 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आहे. खग्रास स्थिती साधारण पावणेदहा ते अकराच्या दरम्यान असेल, चंद्र आकाशात चांगला वर असेल आणि हिवाळ्यामुळे ढगांचा त्रास फारसा नसावा. खग्रास सुरू व्हायच्या पाचेक मिनिटे आधी द्विनेत्री डोळ्यांना लावावी, उरलेल्या उजळ कोरीच्या आतल्या बाजूची सीमा पाहावी आणि निळसर पट्टी दिसली तर ती सावलीबरोबर सरकते की चंद्राच्या कडेला चिकटून राहते एवढे तपासावे.